लाल वर्तुळातली बाटली

मोबाइलवर फिरणारा तो फोटो बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. पाण्याची सीलबंद बाटली आणि तिच्यावर ओढलेली तीन लाल वर्तुळं. एक झाकणाखालच्या रिंगवर, दुसरं बाटलीच्या अंगावरून उभ्या उतरणाऱ्या रेघेवर, तिसरं लेबलाच्या कडेला दिसणाऱ्या गोंदावर. खाली ठणकावून लिहिलेलं असतं की बघा, नळाचं पाणी भरून विकतात. तिन्ही वर्तुळं सारख्याच जोरात ओढलेली असतात, पण पुरावा म्हणून तिघांची किंमत सारखी नाही. रिंग खरोखर काहीतरी सांगते. अंगावरची रेघ बहुतेक वेळा बिचारी निर्दोष असते. गोंदाचं म्हणाल तर तो कुठे लागलाय आणि कशाखाली लागलाय यावर सगळं अवलंबून.

वापरलेल्या बाटल्या पुन्हा भरून विकण्याचा धंदा काल्पनिक नाही. २००८च्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’मध्ये दोन्ही भाऊ हॉटेलच्या मुदपाकखान्यात नळाखाली बाटल्या भरतात आणि झाकणं गोंदाने चिकटवतात, ते दृश्य अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. तिथेच पहिली दिशाभूल होते. माणूस फोटोत झाकणाभोवती गोंद शोधत बसतो. नवी कोरी झाकणं मिळवून ती दाबून बसवणाऱ्याला गोंदाची गरजच नसते, आणि मग रिंगही शाबूत दिसते. म्हणून रिंग तुटली आहे का, एवढं पाहून भागत नाही. रिंग कशी काम करते तेच आधी समजून घ्यावं लागतं.

झाकण आणि त्याखालची रिंग हा मुळात एकच तुकडा असतो. दोघांना जोडणारे बारीक दुवे तेवढे ठेवलेले असतात, प्रत्येक साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास रुंद. काही झाकणांत हे दुवे साच्यातच तयार होतात, तर काहींत झाकण तयार झाल्यावर खाचा असलेल्या पात्याने खालची पट्टी कापतात आणि खाचांच्या जागी दुवे उरतात. रिंगच्या आतल्या बाजूला वर वळलेल्या पाकळ्या किंवा उंचवटा असतो, आणि बाटलीच्या मानेवर आट्यांच्या खाली एक गोल कंगोरा असतो. कारखान्यात झाकण बसताना रिंग त्या कंगोऱ्यावरून खाली सरकते आणि त्याखाली अडकते. खाली जाण्याची वाट सोपी, वर येण्याची बंद. झाकण पिळलं की ते आट्यांवरून वर चढू लागतं, पूर्ण फेऱ्याला साधारण अडीच-तीन मिलिमीटर. रिंग मात्र कंगोऱ्याखाली अडून राहते. ताण दुव्यांवर येतो आणि ते एकामागोमाग तुटतात. उघडताना होणारा कटकट आवाज त्याचाच.

फोटोत पाहण्यासारखं जे काही आहे ते या यंत्रणेतूनच निघतं. न उघडलेल्या झाकणात रिंग आणि झाकण यांच्यातली फट सगळीकडे सारखी आणि केसाएवढी असते, आणि प्रत्येक दुवा वरपासून खालपर्यंत सलग दिसतो. एकदा उघडून पुन्हा घट्ट केलेल्या झाकणात रिंग किंचित खाली उतरलेली किंवा एका बाजूला कललेली असते, त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद दिसते. तुटलेल्या दुव्यांचे दोन खुंट राहतात, एक झाकणाला आणि एक रिंगला. झाकण पुन्हा लावलं तरी हे खुंट समोरासमोर येतीलच असं नाही. बहुतेकदा ते चुकलेलेच असतात. रंगीत झाकण असेल तर आणखी एक खूण मिळते. हे प्लॅस्टिक ताणलं गेलं की त्या जागी पांढुरकं पडतं. निळ्या झाकणाच्या काठावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके ओळीने दिसले, तर तिथले दुवे ताणून तुटले आहेत असं समजायला हरकत नाही.

एखाददुसरा दुवा तुटलेला दिसला म्हणून मात्र लाल पेन उचलू नये. झाकण बसवणारं यंत्र जरा तिरकं लागलं किंवा जोर जास्त पडला की कारखान्यातच एखादा दुवा तुटतो. तपासणीत अशी बाटली बाजूला काढायला हवी, पण काही निसटतात. सगळेच्या सगळे दुवे तुटलेले, रिंग मोकळी फिरते आणि फट असमान, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर बोलण्यासारखं काही असतं. रिंग मोकळी आहे हे एका फोटोत कळत नाही, पण दोन फोटोंत कळतं. झाकण, रिंग आणि मान या तिघांवरून पेनाने एकच उभी रेघ ओढायची आणि पहिला फोटो घ्यायचा. मग झाकणाला हात न लावता बोटाने फक्त रिंग हलवून बघायची आणि दुसरा फोटो काढायचा. रेघेचा मधलाच तुकडा सरकला असेल तर रिंग झाकणापासून सुटलेली आहे.

हे सगळं फोटोत दिसायला फोटो तसा हवा. एक लिटरची बाटली साधारण २७ सेंटिमीटर उंच धरली आणि मोबाइलवरून पाठवताना लहान होऊन फोटोची उंची १६०० पिक्सेलवर आली, तर संपूर्ण बाटली मावलेल्या फोटोत एका मिलिमीटरला जेमतेम सहा पिक्सेल मिळतात. अर्ध्या मिलिमीटरच्या दुव्याच्या वाट्याला आले तीन. जेपेग पद्धतीने फोटो साठवताना तो आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत विभागून दाबला जातो, त्यामुळे तीन पिक्सेलचा दुवा एखाद्या चौकटीत विरून जातो किंवा नसलेली भेग तिथे उमटते. असा फोटो बोटांनी ताणून मोठा करून ‘बघा, तुटलंय’ म्हणणारा माणूस दुवा पाहत नसतो, दाबलेल्या फोटोतला कचरा पाहत असतो. तोच फोटो जवळून काढला आणि ३० मिलिमीटरचं झाकण १२०० पिक्सेल रुंद आलं, तर मिलिमीटरला ४० पिक्सेल मिळतात आणि दुवा चांगला २० पिक्सेलचा दिसतो. कॅमेरा झाकणाच्या पातळीवर, उजेड एका बाजूने, आणि बाटली थोडी थोडी फिरवत सगळ्या बाजूंचे फोटो. समोरून काढलेल्या एकाच फोटोत रिंगचा अर्धाअधिक भाग दिसतच नाही.

आता त्या बदनाम रेघेकडे वळू. पेट प्लॅस्टिकच्या बाटलीचं पेटंट अमेरिकेत नॅथॅनियल वायथ यांना १९७३ साली मिळालं, आणि आजही ती दोन टप्प्यांतच जन्मते. आधी परीक्षानळीसारखा जाड तुकडा साच्यात ओतून घेतात. त्याला प्रीफॉर्म म्हणतात. त्याची मान, आटे आणि कंगोरे तेव्हाच पक्के होतात. मग मान सोडून बाकीचा भाग शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि दोन पाखांच्या साच्यात धरतात. आतून सळई घालून तो लांब ताणतात आणि दाबाची हवा सोडून फुगवतात. हा दाब २५ ते ४० बारपर्यंत असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दहापटीहून जास्त. साच्याची दोन पाखं जिथे मिळतात तिथे बाटलीच्या अंगावर समोरासमोर दोन उभ्या रेघा उमटतात. बुडाच्या मधोमध एक छोटा टिंब असतो, प्रीफॉर्म ओतताना प्लॅस्टिक जिथून आत शिरलं ती ती जागा. जगातल्या जवळजवळ प्रत्येक पेट बाटलीवर या खुणा असतात. रेघ आहे म्हणजे बाटली चिरून पुन्हा चिकटवली आहे, हा समज निव्वळ अज्ञानाचा.

थोडं बारकाईने बघणारे वेगळा आक्षेप घेतात. मानेवरही दोन बारीक उभ्या रेघा असतात आणि त्या अंगावरच्या रेघांच्या ओळीत नसतात, म्हणजे मान एका बाटलीची आणि धड दुसऱ्या बाटलीचं! खरं तर त्या ओळीत असण्याचं कारणच नाही. मानेवरच्या रेघा प्रीफॉर्मच्या साच्याच्या, अंगावरच्या फुगवण्याच्या साच्याच्या. मधल्या भट्टीत प्रीफॉर्म स्वतःभोवती गोल फिरत तापत असतो आणि साच्यात शिरताना त्याचं तोंड कोणत्या दिशेला असेल ते कुणी ठरवत नाही. चौकोनी किंवा मूठ असलेल्या बाटल्यांचं वेगळं, पण साध्या गोल बाटलीत दोन्ही रेघांमधला कोन नशिबाने ठरतो. लेबलाची कडही अशीच कुठेही पडते. एकाच खोक्यातल्या सहा बाटल्या घेतल्या तर सहा वेगळे कोन दिसतील, आणि तसेच दिसायला हवेत.

या रेघेचा खरा उपयोग इथे आहे, आणि तो फोटो फिरवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. लेबलाची कड आणि अंगावरची रेघ यांच्यातलं अंतर त्या एका बाटलीपुरतं ओळखचिन्ह ठरतं. कुणी ‘उघडण्याआधी’ आणि ‘उघडल्यानंतर’ असे दोन फोटो पाठवले आणि दोन्हींत हे अंतर वेगळं निघालं, तर बाटली बदलली आहे किंवा लेबल सरकलं आहे. ‘आम्ही दहा बाटल्या तपासल्या’ म्हणून दहा फोटो आले आणि सगळ्यांत अंतर तंतोतंत एकच असेल, तर बहुधा एकच बाटली दहा वेळा कॅमेऱ्यासमोर बसली आहे.

पाणी भरलेली बाटली इथे डोळ्यांना फसवते. गोल बाटलीतलं पाणी भिंगाचं काम करतं. मागच्या बाजूची रेघ पाण्यातून पाहिली की जवळपास दुप्पट जाड दिसते आणि मध्यापासून जरा बाजूला असेल तर आहे त्याच्या दुप्पट बाजूला सरकलेली भासते. लाल वर्तुळातल्या कितीतरी ‘जाडजूड चिरा’ म्हणजे पलीकडची साधी रेघ असते. म्हणून मोजायची ती रेघ कॅमेऱ्याच्या बाजूला आणून फोटो काढावा.

रेघेचा जाडपणा मात्र थोडं काही सांगतो. साचा झिजला, पाखं नीट मिळेनाशी झाली की रेघ उठावदार होते, नखाला लागते. अर्ध-स्वयंचलित यंत्रावर फुगवलेल्या बाटल्यांत असं जास्त दिसतं. पण छोटा, कायदेशीर परवाना असलेला उत्पादकही असंच यंत्र वापरतो. त्यामुळे जाड रेघेवरून यंत्राबद्दल अंदाज बांधता येतो, मालकाच्या नियतीबद्दल नाही. बुडावर मधल्या टिंबाऐवजी आडवा सरळ व्रण दिसला, तर ती बाटली या पद्धतीने फुगवलेली नाही. प्लॅस्टिकची गरम नळी साच्यात चिमटून ती बनवली आहे. एखाद्या ओळखीच्या छापाची बाटली नेहमी टिंबाची आणि फोटोतली व्रणाची असेल, तर उत्पादकाला विचारण्याइतपत ते कारण आहे. बुडावरच्या त्रिकोणातला १ हा आकडा मात्र फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. बाटली किती वेळा वापरावी, हे तो सांगतो अशी अफवा वर्षानुवर्षं चालू आहे.

उरला गोंद. बहुतेक बाटल्यांवर प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचं लेबल गुंडाळलेलं असतं, आणि त्याला सगळीकडे गोंद लावलेला नसतो. वितळवलेल्या गरम गोंदाचे दोनच उभे पट्टे असतात. एक लेबलाची पुढची कड बाटलीला धरण्यासाठी, दुसरा मागची कड त्या लेबलावरच चिकटवण्यासाठी. त्यामुळे लेबल सोललं की बाटलीवर एकच अरुंद उभा पट्टा राहायला हवा. त्याशिवाय दुसऱ्याच ठिकाणी जुन्या पट्ट्याचे अवशेष दिसले, किंवा पट्टा एकाच्या जागी दोन दिसले, तर त्या बाटलीने आधी दुसरं लेबल मिरवलं असण्याची शक्यता आहे. बारीक तारा निघालेला गोंद, थोडा बाहेर आलेला गोंद, किंचित तिरकं लेबल हे कारखान्यातले रोजचे दोष. बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या बाटलीचं लेबल सैल होऊन फिरू लागतं, कारण थंडीत हा गोंद कडक होऊन पकड सोडतो. उन्हाळ्यात स्टेशनवरच्या टपरीतली निम्मी लेबलं अशीच असतात. त्यात विक्रेत्याचा दोष नाही.

हे सगळं एकत्र कसं वापरायचं, ते एक प्रकरण कल्पून बघू. लांब पल्ल्याच्या गाडीत एका प्रवाशाने फेरीवाल्याकडून एकाच छापाच्या दोन बाटल्या घेतल्या. पहिली उघडताना कटकट झालीच नाही, पाण्याला वासही वाटला. त्याने पाच फोटो काढून पाठवले.

पहिला फोटो दोन्ही बाटल्यांचा, पूर्ण उंचीचा. छाप आणि रंग कळतात, बाकी काही नाही. दुसरा, पहिल्या बाटलीच्या मानेवर सुटलेल्या रिंगचा. प्रवासी यालाच मुख्य पुरावा समजतो, आणि तो कुचकामी आहे: बाटली त्याने स्वतः उघडली, मग रिंग सुटणारच. आवाज आला नाही हे फोटोत येत नाही. तिसरा फोटो दुसऱ्या, अजून बंद असलेल्या बाटलीच्या झाकणाचा, जवळून काढलेला. दुवे सलग आहेत, फट सारखी आहे. इथे घाई करणारा ‘बाटली ठीक’ म्हणून मोकळा होईल. पण रिंगच्या खाली, मानेच्या रुंद कड्यावर तीन-चार तिरके ओरखडे आहेत आणि एका ओरखड्याच्या टोकाला निळ्या प्लॅस्टिकचा कण अडकलेला आहे. वरचं झाकण पांढरं आहे. जुनी रिंग पात्याने कापून काढताना नेमक्या याच जागी मानेवर पातं घासतं.

चौथा फोटो लेबलाचा. कड सरळ, गोंद आत, कुठे काही नाही. यावरून प्रवासी गोंधळतो, पण गोंधळायला नको. त्याच छापाची रिकामी बाटली पुन्हा भरणाऱ्याला लेबलाला हात लावायचं कारणच पडत नाही. निर्दोष गोंद हा निर्दोष पाण्याचा दाखला नव्हे. पाचव्या फोटोत दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या आहेत. लेबलाची कड आणि रेघ यांतलं अंतर दोघींत वेगळं, म्हणजे बाटल्या खरोखर दोन आहेत. खांद्यावर छापलेल्या पॅकिंगच्या तारखा मात्र एकमेकींपासून तीन महिने लांब. एका फेरीवाल्याच्या एकाच बादलीत असं कधी होऊही शकतं, पण कारखान्यातून आलेल्या एकाच खोक्यातल्या बाटल्या असत्या तर तारीख सहसा एकच निघाली असती.

या पाच फोटोंवरून म्हणता येतं ते एवढंच: दुसऱ्या बाटलीचं झाकण बदललेलं असण्याची दाट शक्यता आहे. पाणी कुठलं, त्यात काय आहे, ते भरलं कुणी, यातलं काहीही फोटो सांगत नाही. उलटही खरं आहे. पाचही फोटो स्वच्छ आले असते तरी बाटली कारखान्यातूनच भरून आली हे सिद्ध झालं नसतं. जुनी रिंग जपून काढून नवं झाकण नीट बसवणाऱ्याच्या हातची खूण कॅमेऱ्यात येईलच असं नाही.

म्हणून या प्रवाशाने दुसरी बाटली उघडायची नाही. रेल्वेत असेल तर १३९ क्रमांकावर, बाहेर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वर किंवा जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवायची आणि बंद बाटली तशीच त्यांच्या हाती द्यायची. अन्न सुरक्षा कायदा, २००६च्या कलम ४०प्रमाणे खरेदीदाराला स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. उत्पादकाकडे फोटो पाठवायचेच असतील तर झाकण, मानेवरचे ओरखडे, बुडावरचा साच्याचा क्रमांक आणि छापलेला बॅच क्रमांक यांचे पाठवावेत. त्या तारखेला त्या क्रमांकाच्या बाटल्यांवर पांढरी झाकणं होती की निळी, हे त्यांना नोंदींवरून काढता येतं. आयएसआय चिन्ह नाही म्हणून बाटली खोटी, असा निष्कर्ष मात्र आता काढता येत नाही. पॅकबंद पाण्यासाठीची ही सक्ती ऑक्टोबर २०२४मध्ये काढून टाकण्यात आली. त्याआधीच्या बाटल्यांवर आयएस १४५४३ हा क्रमांक त्या चिन्हासोबत दिसायचा.

परदेशातून आलेल्या फोटोंना वेगळी नजर लागते. युरोपीय संघात ३ जुलै २०२४पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लॅस्टिक बाटल्यांचं झाकण उघडल्यावरही बाटलीलाच जोडलेलं राहावं, असा नियम आहे. त्यामुळे पॅरिसला फिरायला गेलेल्या नातेवाइकाने उघड्या बाटलीचा फोटो पाठवला, तर त्यात झाकण आणि रिंग अजून जोडलेलीच दिसतात. ती जोडणी म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या एक-दोन रुंद पट्ट्या. त्या तुटण्यासाठी बनवलेल्याच नसतात. तिथे बारीक दुवे पाहायचे ते या पट्ट्या सोडून उरलेल्या घेरावर.